डाग घासून जात नाहीत, घासल्यानं वाढतात

*मॅडम, मी 23 वर्षांची आहे. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावात राहते. वैशाखात माझं लग्न ठरलं आहे. दोन वर्षांपासून कपाळावर आणि हनुवटीवर पुटकुळ्या येतात आणि त्यांचे काळे डाग राहतात. आठवड्यातून तीन-चार वेळा अक्रोडाचं स्क्रब लावते, मधल्या दिवशी मीठ आणि लिंबू. काकू म्हणते, "जोरानं घास, मळ निघल्याशिवाय डाग कसे जातीन?" घासल्यावर चेहरा मऊ लागतो, पण डाग वाढतच चालले आहेत. आता गालांवरही काळपटपणा आला आहे. शेतात घाम आला की चेहरा चुरचुरतो. पुण्यात शिकणारी मामेबहीण म्हणते, स्क्रब फेकून दे, ॲसिड लाव. तिनं एका लाल रंगाच्या ॲसिडचा फोटो पाठवला आहे. ॲसिड म्हटल्यावर आई घाबरली. घरगुती चांगलं की केमिकल? आता पौष चालू आहे, लग्नापर्यंत चेहरा साफ होईल का? – एक वाचक*

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू जाता जाता लिहिलं आहेस. घाम आला की चुरचुरतो. घाम म्हणजे खारट पाणी, आणि धडधाकट कातडीला खारट पाणी झोंबत नाही. ते झोंबतं याचा अर्थ चेहऱ्यावरचा सगळ्यात वरचा थर जागोजागी उघडा पडला आहे. म्हणून तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की आजपासून अक्रोडाचं स्क्रब बंद, मीठ-लिंबू बंद आणि मामेबहिणीचं ॲसिडही आत्ता नाही. सोललेल्या कातडीवर यातलं काहीही लावलं तरी ते नुकसानच करणार. कोणतं बरं, हे आपण पुढे बघू, पण त्याची वेळ महिनाभरानं येईल.

आता मळाचं बघू, कारण काकूंचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. घासताना बोटाखाली करड्या रंगाच्या वळ्या निघतात, त्या तू पाहिल्या असशीलच. त्या वळ्यांमध्ये लावलेल्या पदार्थाचा भुगा असतो, साबणाचा चिकट अंश असतो, तेल असतं आणि वरच्या मेलेल्या पेशी असतात. शेतातली धूळ त्यात थोडी असेलही, पण ती साध्या पाण्यानं आणि साबणानं निघून गेलेली असते. डाग त्यात अजिबात नसतो. पुटकुळीचा काळा डाग म्हणजे कातडीच्या आत, खालच्या थरात साठलेलं रंगद्रव्य. नाकावरचे काळे ठिपकेही मळ नव्हेत. छिद्रात अडकलेलं तेल आणि पेशी हवेच्या संपर्कात येऊन काळ्या पडतात. त्यांच्यापर्यंत अक्रोडाचा कण पोहोचतच नाही, तो वरून फिरतो.

तुमच्या भागात याला आणखी एक कारण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातलं विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारं आणि जड. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे तू रोज पाहतेस. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून एक चिकट चोथा तयार करतात. बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो तो हाच. तो चेहऱ्यावरही बसतो. मग धुतल्यानंतरही हाताला चेहरा खरबरीत लागतो, ओढल्यासारखा वाटतो, आणि माणसाला वाटतं अजून मळ आहे, अजून घासू. तू जे घासत आहेस त्यातला बराचसा भाग कदाचित धुण्याच्या साबणातून आणि पाण्यातूनच येत असेल. हे मी मुद्दाम सांगते, कारण खारपाणपट्ट्यातल्या मुलीला शहरातल्या मुलीचा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही.

कातडीचा सगळ्यात वरचा थर कसा असतो ते समजलं की बाकीचं आपोआप कळतं. हा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा. चेहऱ्यावर अशा साधारण पंधरा-वीस पेशी एकावर एक असतात आणि तरी सगळ्यांची मिळून जाडी कागदाच्या पानापेक्षा कितीतरी कमी. जुन्या घरावर कवेलू एकमेकांवर चढवून बसवलेले असतात ना, तशा या पेशी बसलेल्या असतात. मधल्या फटींत स्निग्ध पदार्थ भरलेला असतो, त्यामुळे आतलं पाणी बाहेर उडत नाही आणि बाहेरचा घाम, धूळ, फवारणीचं औषध आत शिरत नाही. खालून नव्या पेशी तयार होऊन वर येतात, तुझ्या वयात त्याला साधारण चार आठवडे लागतात, आणि सगळ्यात वरची जुनी पेशी आपोआप सुटून पडते. रोज पडते, दिसत नाही इतकंच. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे बारीक टाके असतात. कातडीतलीच काही विकरं ते टाके वेळेवर कापतात. ही विकरं नीट चालायला कातडीचा पृष्ठभाग किंचित आंबट लागतो. पीएच हा आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आंबट, आणि कातडीला तो 5 च्या आसपास लागतो. साध्या साबणाचा पीएच 9 ते 10 असतो, म्हणून साबणानं ही व्यवस्था बिघडते.

स्क्रब या व्यवस्थेला विचारत नाही. कवेलू जुनं की नवं हे न बघता त्यावरून काठी फिरवावी तसं ते आहे.

एकदा हे स्वतः बघ. तुझ्या डबीतलं थोडं स्क्रब तळहातावर घे, पाण्यानं क्रीम धुऊन टाक आणि उरलेले कण उन्हात धरून पाहा. अक्रोडाचं कवच दळलं की त्याचे गोल दाणे होत नाहीत, कोनदार तुकडे होतात. काही बारीक, काही ठसठशीत. एखाद्या जुन्या प्लास्टिकच्या चकचकीत झाकणावर ते बोटानं दहा-बारा वेळा फिरव आणि झाकण तिरपं धर. ओरखडे दिसतील. जर्दाळूच्या कोयीची पूड असो नाहीतर जाडसर दळलेली संत्र्याची साल, थोड्याफार फरकानं हेच. मिठाचे खडे चौकोनी, धारदार कडांचे असतात. लिंबाच्या रसात ते लवकर विरघळत नाहीत, आणि जिथे कातडी सोलली तिथे मीठ पाणी ओढून घेतं. म्हणून ती आग होते. ती आग म्हणजे औषध लागू पडत असल्याची खूण, असं आपल्याकडे मानतात. चेहऱ्याच्या बाबतीत तरी आग ही थांब म्हणून सांगणारी खूण आहे.

प्लास्टिक म्हणजे कातडी नव्हे, हेही तितकंच खरं. कातडी लवचीक असते आणि स्वतःला दुरुस्त करते. स्क्रबमुळे कातडीला बारीक चिरा पडतात, असं सर्रास म्हटलं जातं. त्याबद्दल अमेरिकेत 2016 मध्ये अक्रोडाच्या एका स्क्रबवर खटलाही झाला होता. न्यायालयाने तो 2018 मध्ये फेटाळला. अशा सूक्ष्म चिरा पडतात असं धरलं तरी त्यातून धोकादायक इजा होते हे सिद्ध झालेलं नाही, असं त्याचं सार होतं. मला तो निकाल पटतो आणि तरीही तुला मी स्क्रब बंदच करायला सांगते. एखाद्या निरोगी कातडीच्या बाईनं पंधरा दिवसांतून एकदा हलक्या हातानं काही फिरवलं तर दोन दिवसांत सगळं भरून येतं. तुझं तसं नाही. तुझ्या चेहऱ्यावर पुटकुळ्या आहेत, कातडी गव्हाळ-सावळी आहे असं मी धरते, आणि भरून यायच्या आत तू पुन्हा घासतेस. या तीन गोष्टी एकत्र आल्या की डाग पडतात.

कसे पडतात ते सांगते. आपल्या रंगाच्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी फार जागरूक असतात. ऊन, चटका, पुटकुळी, ओरखडा, कशानंही आतून दाह झाला की त्या जास्त रंग बनवतात आणि आजूबाजूच्या पेशींत भरतात. पुटकुळी गेल्यावर डाग राहतो तो असाच. आता त्या डागावर तू घासतेस, पुन्हा दाह होतो, पुन्हा रंग भरला जातो. वरचा थोडा रंग घासून निघतो म्हणून त्या दिवशी चेहरा उजळ वाटतो, आणि आठ-दहा दिवसांत खालून जास्त गडद पेशी वर येतात. शिवाय पिकलेल्या पुटकुळीवर कोनदार कण फिरले की ती फुटते, आतला दाह आजूबाजूला पसरतो आणि एका डागाचे तीन होतात.

गालांवरच्या काळपटपणाबद्दल तू लिहिलंस, तेव्हा मला आणखी एक शंका आली. आरसा घेऊन उजेडात बघ. काळपटपणा गालाच्या उंचवट्यावर, वरच्या ओठाच्या कडेला, हनुवटीच्या टोकावर जास्त आहे का? डोळ्यांच्या खोबणीत, नाकपुडीच्या बाजूच्या घळीत कमी आहे का? तसं असेल तर तो घासण्याचाच डाग आहे, कारण हात जिथे दाबला जातो तिथेच तो येतो. नायलॉनच्या घासणीनं किंवा खापरानं रोज अंग घासणाऱ्या बायांच्या खांद्याच्या हाडावर, पाठीवर, नडगीवर असाच जाळीदार काळपटपणा येतो. त्वचेच्या दवाखान्यात तो नेहमी दिसतो. त्या बाया तो मळ समजून आणखी घासतात. घासणं थांबवलं की काही महिन्यांत तो फिकट होत जातो.

लिंबाबद्दल वेगळं सांगायला हवं. लिंबाचा रस म्हणजेसुद्धा ॲसिडच, आणि बरंच कडक. त्याचा पीएच 2 ते 2.5 असतो. बाजारात चेहऱ्यासाठी जी ॲसिडं मिळतात त्यांचा बहुधा 3.5 ते 4 असतो. हा आकडा एकानं कमी झाला की आंबटपणा दहापट वाढतो. म्हणजे आई ज्या ॲसिडला घाबरली त्यापेक्षा कडक ॲसिड तू घरगुती म्हणून आधीच लावत आहेस, तेही मिठानं सोललेल्या जागी. त्यात लिंबाच्या सालीत आणि रसात असे काही घटक असतात, की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखं होतं आणि गडद तपकिरी डाग पडतो. लिंबू पिळून तसेच उन्हात गेलेल्यांच्या हातावर असे ओघळाच्या आकाराचे डाग मी पाहिले आहेत. म्हणून लिंबू चेहऱ्याला कधीच नको, लग्नाआधीही नको आणि नंतरही नको.

आईला मात्र एक सांग. ॲसिड हा शब्द तिला नवा असेल, वस्तू नवी नाही. या दिवसांत हरभऱ्याच्या शेतातून सकाळी दवात चाललं की पिंडऱ्यांना चुरचुरतं, ती आंब. त्या आंबेत मॅलिक ॲसिड असतं, आणि चेहऱ्यासाठी वापरतात त्या ग्लायकोलिक, लॅक्टिक ॲसिडांच्याच कुळातलं ते आहे. दह्यातही लॅक्टिक ॲसिड असतं. फरक पडतो तो किती टक्के, किती वेळ आणि कशा कातडीवर यानं. घरच्या वस्तूत हे प्रमाण कोणालाच ठाऊक नसतं, बाटलीवर ते लिहिलेलं असतं. बाटलीचा फायदा तेवढाच, पण तो मोठा आहे. (या हंगामात हरभरा उपटताना आंबेचे हात चेहऱ्याला लावू नकोस. तुझी कातडी सध्या ते सोसणार नाही.)

ही ॲसिडं घासत नाहीत. पेशींमधले जे टाके विकरं कापतात, तेच ती सैल करतात, म्हणून वरच्या जुन्या पेशी सारख्या प्रमाणात सुटतात. हात किती दाबला यावर काही अवलंबून राहत नाही. पण ती निरुपद्रवी आहेत असं समजू नकोस. जास्त टक्क्याचं घेतलं, रोज लावलं किंवा सोललेल्या कातडीवर लावलं तर तीही भाजतात, आणि तोच काळा डाग देतात. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या तज्ज्ञ समितीनं ग्लायकोलिक-लॅक्टिक कुळातल्या ॲसिडांना घरगुती वापरासाठी 10 टक्क्यांची मर्यादा घातली आहे आणि पीएच 3.5 पेक्षा खाली नको म्हटलं आहे. मामेबहिणीनं पाठवलेली लाल बाटली कोणाची ते मी बघत नाही, पण त्या रंगाची, धुऊन टाकायची जी द्रावणं ऑनलाइन मिळतात त्यांत बहुधा 30 टक्के ॲसिड असतं. तुझ्या कातडीवर ते अजिबात नको. तिचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे, बाटली चुकीची आहे.

तुला कोणतं चालेल? ग्लायकोलिकचा रेणू सगळ्यात लहान, तो पटकन आत जातो आणि जास्त झोंबतो. या कुळातल्या ॲसिडांनी कातडी उन्हाला हळवी होते, आणि वापर थांबवल्यावरही साधारण आठवडाभर तो हळवेपणा राहतो. तू शेतात जाणारी, आणि लग्न वैशाखात, म्हणजे आपल्याकडे पारा 45 ला टेकतो त्या दिवसांत. म्हणून ते बाजूला ठेव. तुझ्यासाठी सॅलिसिलिक ॲसिड बरं. ते तेलात विरघळतं, म्हणून छिद्राच्या आतल्या तेलकट बोळ्यापर्यंत पोहोचतं. पुटकुळी सुरू होते तिथेच. दाहही थोडा कमी करतं. 2 टक्क्यांपर्यंतचं घ्यायचं, त्यापुढे नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर मात्र ते लावू नये, आणि लग्नानंतर दिवस राहिले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे चालू ठेवू नये.

आता क्रम. हे सगळं एकदम करू नकोस.

पहिले चार आठवडे, म्हणजे माघ अर्धा होईपर्यंत, कातडीला फक्त भरून येऊ द्यायचं. चेहरा दिवसातून दोनदाच धुवायचा. आंघोळीचा साबण चेहऱ्याला लावू नकोस. औषधाच्या दुकानात साबणविरहित सौम्य क्लिन्झर मिळतो, तो जड पाण्यातही चोथा करत नाही. बोटांच्या पेरांनी अर्धा मिनिट फिरवायचा, आणि शेवटचे दोन तांबे घरात पिण्यासाठी भरलेल्या गोड्या पाण्याचे घ्यायचे. टॉवेलनं घासून पुसू नकोस, टिपून घे. चेहरा ओलसर असतानाच ग्लिसरीन असलेलं, वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर लाव. गाल फारच ओढत असतील तर रात्री तिथे पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरव, पण कपाळ-हनुवटीवर नको. या महिन्यात चेहरा हाताला खरबरीत लागेल, आणि तुला घासावंसं वाटेल. साधारण दहा-बारा दिवसांनी तो खरबरीतपणा आपोआप कमी व्हायला लागतो. भरून आलं की नाही हे ओळखायची खूण तुझ्याकडेच आहे. घाम आल्यावर आणि मॉइश्चरायझर लावल्यावर अजिबात झोंबेनासं झालं की पुढे जायचं. महिना झाला आणि तरी झोंबतं, तर आणखी थांबायचं, तारखेकडे बघायचं नाही.

त्यानंतर 2 टक्के सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश. लावून ठेवायच्या सीरमपेक्षा धुऊन टाकायच्या वस्तूत चूक झाली तरी निभावते, म्हणून सुरुवात त्यानं. आधी कानामागे थोडा लावून, मिनिटभरानं धुऊन बघ, असं तीन दिवस. काही झालं नाही तर आठवड्यातून दोन रात्री, फक्त कपाळ आणि हनुवटीवर, मिनिटभर ठेवून धुवायचा आणि लगेच मॉइश्चरायझर. त्या रात्री दुसरं कुठलंही पुटकुळ्यांचं क्रीम नाही. दोन-तीन आठवडे हे सोसलं तर आठवड्यातून तीन रात्री. त्यापुढे वाढवायची गरज नाही. कातडी चमकायला लागली, पण ताणलेली आणि लालसर दिसते, बारीक सालं निघतात, पाणी लागलं तरी चुरचुरतं, तर ती चमक चांगली नव्हे. कवेलू गरजेपेक्षा जास्त निघाले आहेत. आठ दिवस सगळं थांबव आणि पुन्हा मॉइश्चरायझरवर ये.

उन्हाचं काय करायचं, हा खरा अवघड भाग, कारण दर दोन तासांनी सनस्क्रीन लावा हे सांगणं सोपं आहे आणि हरभऱ्याच्या सोंगणीत ते जमत नाही. म्हणून कापडावर भर दे. चेहरा आणि मान झाकेल असा घट्ट विणीचा सुती दुपट्टा आणि वर रुंद कडेची टोपी, हे सनस्क्रीनपेक्षा जास्त काम करतं, फक्त दुपट्टा रोज धुतलेला हवा आणि गालावर रगडला जाईल इतका आवळून बांधलेला नको. शेतात जायच्या आधी घरून एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन लाव, तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण रेघ ओढून येईल एवढं, चेहरा आणि मान मिळून. दुपारच्या भाकरीला बसशील तेव्हा चेहरा टिपून एकदा पुन्हा लावता आलं तर उत्तमच. सनस्क्रीन आणि दुपट्टा दोन्ही जमणार नसेल, तर सॅलिसिलिकसुद्धा सुरू करू नकोस. ऊन लागत राहिलं तर डाग फिकट होणारच नाहीत, मग ॲसिडाचा उपयोग काय?

लग्नापर्यंत काय होईल, हे खरं सांगते. पुटकुळ्या आठ-दहा आठवड्यांत कमी होताना दिसतील. चुरचुर जाईल, गालांवरचा घासण्याचा काळपटपणा बराच फिकट होईल. जुने डाग मात्र सहा महिने, कधी त्याहूनही जास्त घेतात, त्यामुळे काही डाग मंडपात तुझ्या चेहऱ्यावर असतील. ते घालवण्यासाठी शेवटच्या महिन्यात पार्लरमध्ये पील, ब्लीच किंवा फेशियलचं स्क्रबिंग करून घेऊ नकोस. ऐन वैशाखात भाजलेली कातडी घेऊन उभं राहायची वेळ येते ती यामुळेच.

हळदीचाही विचार आधीच करून ठेव. हळदीच्या आठ-दहा दिवस आधी सॅलिसिलिक बंद. त्या दिवशी चेहऱ्याला आधी तेलाचा किंवा मॉइश्चरायझरचा पातळ हात दे, मग हळद. हळद वस्त्रगाळ असू दे, आणि त्यात लिंबू, मीठ काही नको. बाया-मैत्रिणी प्रेमानं जोरात चोळतात, विशेषतः सुकल्यावर. एखाद्या जवळच्या मैत्रिणीला सांगून ठेव की चेहऱ्याची हळद सुकू द्यायची नाही, ओली असतानाच पाण्यानं उतरवायची. दिवाळीच्या उटण्याचंही तेच. तेल लावून, बारीक उटणं, वर्षातून एकदा, न रगडता. त्यानं काही बिघडत नाही.

तुझी अक्रोडाची डबी फेकायचीही गरज नाही. टाचांची कातडी चेहऱ्याच्या कितीतरी पट जाड असते, तिथे घासणं चालतं. पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून वजरीनं किंवा त्या स्क्रबनं हलकं घासायचं आणि लगेच पेट्रोलियम जेली लावून मोजे घालायचे. भेगांतून रक्त येत असेल तर मात्र तिथेही नाही.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण मला विचारलीच पाहिजे, कारण डाग असलेल्या बहुतेक मुलींनी ती केलेली असते. औषधाच्या दुकानातून कोणी गोरं करायचं किंवा डागांचं ट्यूबमधलं क्रीम दिलं होतं का? त्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव आहे का बघ. ही स्टिरॉइडं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत असा 2018 पासून नियम आहे, तरी मिळतात. महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, लालसर होते, लव वाढते, पुटकुळ्या येतात आणि क्रीम सोडलं की चेहरा पेटतो. तसं असेल तर वरचा क्रम तुझ्यासाठी नाही. एकदम बंद न करता आधी डॉक्टरांकडे जा.

तसंच, पुटकुळ्या मोठ्या, खोल, दुखणाऱ्या असतील, खड्डे पडत असतील, पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर केस वाढत असतील, किंवा गालांवरचा काळपटपणा दोन्हीकडे सारखा पसरलेल्या चट्ट्यासारखा, म्हणजे वांगासारखा असेल, तर हे घरी सुटणारं नाही. डागांसाठी ॲझेलाइक ॲसिडसारखी चांगली क्रीमं आहेत, पण ती कोणाला, किती टक्के द्यायची हे चेहरा बघूनच ठरतं. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. जाणं लगेच जमत नसेल तर ई-संजीवनीवर मोबाइलवरून डॉक्टरांशी बोलता येतं. जाशील तेव्हा स्क्रबची डबी, ट्यूब, बाटली, जे जे लावलं ते सगळं पिशवीत घालून ने. नावं आठवून सांगण्यापेक्षा त्यावरची बारीक अक्षरं डॉक्टरांनी स्वतः वाचलेली बरी.